घटक ६ : प्रकरण-सादरीकरणात स्वॉट चौकटीचे उपयोजन – जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या संदर्भात

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला :

- स्वॉट चौकटीतील ढोबळ मुद्दा आणि उपयुक्त मुद्दा यांतील फरक ओळखता येईल.
- दिलेल्या प्रकरणातील माहिती तपासून चारही कप्प्यांतील विधाने नेमक्या शब्दांत लिहिता येतील.
- त्या विधानांची परस्परांशी सांगड घालून निर्णयापर्यंत पोहोचता येईल आणि तो निर्णय मराठीतून सादर करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण व्यवस्थापकीय प्रकरण म्हणजे काय आणि त्याचे वाचन कसे करावे हे पाहिले. एखाद्या संस्थेपुढे उभा राहिलेला निर्णय, त्यासाठी उपलब्ध असलेली माहिती आणि निर्णय घेणारी माणसे यांचे लेखी वर्णन म्हणजे प्रकरण. अशा प्रकरणाच्या सादरीकरणात सर्वाधिक वापरली जाणारी चौकट म्हणजे स्वॉट. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके असे तिचे चार कप्पे आहेत. पहिले दोन संस्थेच्या आतील गोष्टींसाठी आणि नंतरचे दोन बाहेरील परिस्थितीसाठी असतात.

चौकट समजायला सोपी आहे, आणि तिची अडचणही त्यातच आहे. ‘अनुभवी मनुष्यबळ’, ‘भांडवलाची कमतरता’, ‘वाढती मागणी’, ‘तीव्र स्पर्धा’ अशी विधाने प्रकरण न वाचताही लिहिता येतात. चार कप्पे भरतात, तक्ता पूर्ण दिसतो, पण निर्णय होता तिथेच राहतो. या घटकात आपण जालना जिल्ह्यातील मोसंबी उत्पादकांचे एक प्रकरण घेऊन अशा तक्त्याचे निर्णयाला उपयोगी पडणाऱ्या विश्लेषणात रूपांतर कसे करायचे, ते पायरीपायरीने पाहणार आहोत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ चौकटीचा उगम आणि तिच्यावरील आक्षेप

संस्थेची अंतर्गत क्षमता आणि बाह्य परिस्थिती यांचा मेळ घालून धोरण ठरवावे, हा विचार १९६०च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-धोरणाच्या अध्यापनातून रूढ झाला. तिथे प्रकरणांच्या चर्चेसाठी या दोन बाजू वेगळ्या करून मांडल्या जात. म्हणजे ही विभागणी मुळातच प्रकरण-चर्चेशी जोडलेली आहे. चर्चेचा शेवट निर्णयात व्हावा, अशी तिच्यामागची अपेक्षा होती.

पुढे चौकट सर्वत्र पसरली, पण ती अपेक्षा मागे पडली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी ब्रिटनमधील २० कंपन्यांनी प्रत्यक्षात केलेली स्वॉट विश्लेषणे तपासली. त्यांना लांबलचक याद्या आढळल्या. एकेका यादीत सरासरी ४०हून अधिक मुद्दे होते. शब्दयोजना ढोबळ होती, कोणता मुद्दा अधिक महत्त्वाचा हे ठरवलेले नव्हते आणि कोणताही मुद्दा पडताळून पाहिलेला नव्हता. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, धोरण ठरवण्याच्या पुढील टप्प्यांत या विश्लेषणांचा कोणीही उपयोग केला नव्हता.

हा आक्षेप चौकटीपेक्षा तिच्या वापरावर आहे. यादी करणे हे चौकटीचे काम नाही. दोन पर्यायांपैकी कोणता स्वीकारावा, याबाबतची आपली कारणे उघड करणे हे तिचे काम आहे. म्हणूनच स्वॉटचा कागद हाती घेण्यापूर्वी निर्णयाचा प्रश्न एका वाक्यात लिहिणे आवश्यक ठरते.

६.३.२ प्रकरण

जालना जिल्ह्यातील मोसंबी प्रसिद्ध आहे आणि ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. बदनापूर येथे मोसंबीवरील संशोधन केंद्रही आहे. जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या गोदाकाठच्या भागातून जातो. उर्वरित बागा मुख्यतः विहिरी, कूपनलिका आणि शेततळी यांवर अवलंबून असतात. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि अनेकांना झाडे तोडावी लागली.

ही पार्श्वभूमी वास्तव आहे. पुढील संस्था आणि तिचे आकडे मात्र अध्यापनासाठी गृहीत धरले आहेत.

> अंबड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे १८० सभासद आहेत. त्यांच्या मोसंबीचे एकूण क्षेत्र १६० हेक्टर असून आंबे बहराचे उत्पादन हेक्टरी सुमारे १२ टन आहे. ११० सभासद बहर धरण्याच्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि बाग त्यालाच उक्ती देतात. या सभासदांचे क्षेत्र १०० हेक्टर आहे. उरलेल्या ७० सभासदांचे ६० हेक्टर क्षेत्र उचलीपासून मुक्त आहे. त्या ६०पैकी २५ हेक्टरला अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचे पाणी आहे.
>
> गेल्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने भाड्याच्या केंद्रात ६० टन मालाची आकारानुसार प्रतवारी करून तो दिल्लीच्या बाजारात पाठवला. भाडे, वाहतूक व आडत वजा जाता बागेवरील दरापेक्षा टनामागे २,००० रुपये अधिक मिळाले. केंद्राचे भाडे टनामागे १,५०० रुपये होते.
>
> कंपनीजवळ ३० लाख रुपये आहेत. त्यांत कर्जाची भर घालून स्वतःचे प्रतवारी व पॅकिंग केंद्र उभारावे, असे काही संचालकांचे मत आहे. कर्ज सात वर्षांचे असेल. हप्ता, पगार, वीज आणि देखभाल मिळून केंद्राचा वार्षिक स्थिर खर्च २४ लाख रुपये होईल. काही संचालकांना मोसंबीच्या रसाचा प्रकल्प अधिक आकर्षक वाटतो.

निर्णयाचा प्रश्न असा लिहिता येईल : कंपनीने आपले ३० लाख रुपये येत्या आंबे बहरापूर्वी स्वतःच्या प्रतवारी केंद्रात गुंतवावेत काय? नसल्यास, ते कशासाठी वापरावेत? या प्रश्नात काळ, रक्कम आणि पर्याय आहेत. ‘कंपनीचा विकास कसा करावा?’ असा प्रश्न घेतला असता, तर कोणतेही विधान त्यात बसले असते.

६.३.३ पहिला खर्डा

हे प्रकरण दिल्यावर बहुधा पुढील प्रकारचा तक्ता तयार होतो.

| कप्पा | मुद्दे |
|---|---|
| बलस्थाने | दर्जेदार फळ, अनुभवी शेतकरी, १८० सभासदांची एकजूट, भौगोलिक मानांकन |
| उणिवा | भांडवलाची कमतरता. विपणन कौशल्याचा अभाव |
| संधी | वाढती मागणी, प्रक्रिया उद्योगाला वाव, समृद्धी महामार्ग, शासकीय योजना |
| धोके | हवामान बदल; तीव्र स्पर्धा; दरातील चढ-उतार |

यांपैकी एकही विधान सरळसरळ खोटे नाही, आणि म्हणूनच असा तक्ता फसवा असतो. तो वाचणाऱ्याला हरकत घेता येत नाही, पण निर्णयही घेता येत नाही. केंद्र उभारावे म्हणणारा संचालक आणि उभारू नये म्हणणारा संचालक, दोघेही याच तक्त्याकडे बोट दाखवू शकतात.

६.३.४ तीन कसोट्या

प्रत्येक विधानाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिली कसोटी : नाव बदलून पाहणे. विधानातील संस्थेच्या जागी दुसरी संस्था ठेवावी. ‘अनुभवी शेतकरी’ हे विधान नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांना आणि जळगावच्या केळी उत्पादकांनाही तितकेच लागू पडते. म्हणजे ते या प्रकरणातून आलेले नाही. ‘११० सभासदांच्या बागा उचलीमुळे आधीच व्यापाऱ्याला बांधलेल्या आहेत’ हे विधान मात्र इथून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

दुसरी कसोटी : तुलना आणि पुरावा शोधणे. बल हे नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असते. ‘दर्जेदार फळ’ म्हटले, तर कोणापेक्षा दर्जेदार आणि ते कशावरून? या कंपनीकडे गुणवत्तेचा एकच पुरावा आहे, तो म्हणजे ६० टन मालाला बाजाराने दिलेला दर. तोही प्रतवारी केलेल्या मालाचा आहे. म्हणून बलस्थान ‘दर्जेदार फळ’ असे न लिहिता ‘प्रतवारी केलेल्या मालाला टनामागे २,००० रुपये अधिक मिळाल्याचा अनुभव’ असे लिहावे लागते.

तिसरी कसोटी : ‘म्हणून काय?’ असे विचारणे. हे विधान खरे ठरल्यास कोणत्या पर्यायाचे पारडे जड होते? समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो आणि त्यामुळे मुंबई व नागपूर या दिशांचा प्रवास सुकर झाला आहे. परंतु या प्रकरणातील माल दिल्लीला जातो आणि महामार्ग व्यापाऱ्याच्या मालमोटारीलाही तितकाच खुला आहे. कंपनीने मुंबईच्या बाजारात विक्री करण्याचे ठरवले, तर हा मुद्दा जिवंत होईल. प्रस्तुत निर्णयात तो कोणत्याही पारड्यात पडत नाही, म्हणून तो काढून टाकावा.

भौगोलिक मानांकनाचा मुद्दा या कसोट्यांवर विशेष बोधप्रद ठरतो. मानांकनाची नोंदणी झाली म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक उत्पादकाला ते नाव आपोआप वापरता येत नाही. त्यासाठी उत्पादकाची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी व्हावी लागते. प्रकरणात सभासदांच्या अशा नोंदणीचा उल्लेख नाही. शिवाय उक्त्या दिलेल्या बागेचा माल व्यापाऱ्याच्या नावाने जातो, तेव्हा मानांकनाचा लाभ उत्पादकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आजच्या स्थितीत ते कंपनीचे बलस्थान नाही. फार तर ती नोंदणीच्या अटीवर अवलंबून असलेली संधी आहे. एकच गोष्ट कोणत्या कप्प्यात जाते हे तिच्या नावावरून ठरत नाही. संस्थेचा आज तिच्यावर ताबा आहे की नाही यावरून ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

पुढील विधाने कोणत्या कसोटीवर उतरत नाहीत ते सांगा.
(अ) कंपनीच्या संचालक मंडळाकडे दूरदृष्टी आहे.
(आ) शेतमालाच्या विक्रीसाठी शासनाच्या अनेक योजना आहेत.

६.३.५ विधानांचे पुनर्लेखन

आता चारही कप्पे नव्याने भरू. प्रत्येक कप्प्यात एक किंवा दोनच विधाने ठेवू, पण ती पूर्ण वाक्यात लिहू.

बलस्थान. प्रतवारी करून दिल्लीला पाठवलेल्या ६० टन मालावर सर्व खर्च वजा जाता टनामागे २,००० रुपये अधिक मिळाले. या विधानाबरोबर त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ही चाचणी फक्त ऑक्टोबरमधील, एका हंगामातील आणि थोड्या मालाची आहे. मर्यादा सांगितल्याने मुद्दा दुबळा होत नाही. तो किती भार पेलू शकतो, हे श्रोत्याला कळते.

उणीव. ‘भांडवलाची कमतरता’ हे शब्द इथे दिशाभूल करतात, कारण कंपनीजवळ ३० लाख रुपये आहेत. खरी उणीव मालावरील ताब्याची आहे. १८० सभासदांच्या १६० हेक्टरमधून १,९२० टन माल निघतो, पण कंपनीच्या हाती येऊ शकणारा माल फक्त ६० हेक्टरचा, म्हणजे ७२० टन आहे. उरलेला माल फळ धरण्याआधीच बांधला गेलेला असतो. सभासद व्यापाऱ्याकडे जातो तो दर चांगला मिळतो म्हणून नव्हे. खते, फवारणी आणि मजुरी यांसाठी त्याला बहराच्या सुरुवातीस रोख रक्कम लागते म्हणून जातो. ‘१८० सभासदांची एकजूट’ हे पहिल्या खर्ड्यातील बलस्थान अशा रीतीने उणिवेच्या कप्प्यात आले.

संधी. आंबे बहराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि फळे साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तोडणीस येतात. पंजाब व राजस्थानातील किन्नूची मोठी आवक उत्तरेच्या बाजारात साधारण डिसेंबरपासून सुरू होते. म्हणून आंबे बहराच्या मालाला दिल्लीत किन्नूच्या आधीचा काळ मिळतो. ‘वाढती मागणी’ या शब्दांपेक्षा हे विधान अधिक उपयोगी आहे, कारण कोणत्या महिन्यांत माल पाठवावा आणि केंद्र किती महिने चालेल, हे त्यातून कळते. याच काळात आंध्र प्रदेश व तेलंगणातील सातगुडी मोसंबी आणि नागपूरकडील संत्रीही बाजारात असू शकतात, ही त्याची मर्यादा आहे.

‘प्रक्रिया उद्योगाला वाव’ हा मुद्दा इथे तपासून पाहिला पाहिजे, कारण काही संचालकांचा कल त्याकडे आहे. मोसंबीचा ताजा रस गोड लागतो. परंतु काढल्यानंतर काही काळाने, आणि तापवल्यास अधिक लवकर, तो कडवट होऊ लागतो. लिमोनिन नावाचे द्रव्य त्यात हळूहळू तयार होते, हे त्याचे कारण आहे. ते काढून टाकण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांसाठी वेगळी यंत्रणा आणि खर्च लागतो. रसवंतीच्या गाड्यावरील रस लगेच प्यायला जातो, म्हणून तिथे ही अडचण जाणवत नाही. बाटलीत भरून विकायच्या रसाला ती टाळता येत नाही. या खर्चाचा अंदाज प्रकरणात नसल्याने रसाचा पर्याय प्रस्तुत निर्णयातून कारणासह बाजूला ठेवावा.

धोका. ‘हवामान बदल’ हे शब्द फार मोठे आहेत. आंबे बहराचे फळ एप्रिल-मे महिन्यांत झाडावर असते. त्यामुळे उन्हाळ्यातील पाणी या बहराचा आधार असते. कंपनीच्या ताब्यात येऊ शकणाऱ्या ६० हेक्टरपैकी केवळ २५ हेक्टरला शेततळ्याचे पाणी आहे. तीव्र टंचाईच्या वर्षी तेवढ्याच बागा टिकल्या आणि त्यांचे उत्पादनही घटले नाही, असे उदारपणे धरले, तरी माल ३०० टनांवर येतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, झाड वाळले तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. नव्या लागवडीपासून व्यापारी उत्पादन मिळण्यास साधारण पाच वर्षे लागतात. २०१२-१३चा अनुभव जिल्ह्यासमोर आहे. सात वर्षांच्या कर्जाच्या काळात असे एक वर्ष आले, तर उरलेले हप्ते कोणत्या मालावर फेडायचे, हा खरा धोका आहे.

६.३.६ सांगड आणि शिफारस

विधाने नेमकी झाली, तरी ती चार कप्प्यांत वेगवेगळी पडून राहिली तर निर्णय होत नाही. हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत आतील आणि बाहेरील घटकांच्या जोड्या लावल्या जातात. बलस्थानाने संधी कशी साधता येईल, उणिवेमुळे धोका कसा वाढतो, अशा चार प्रकारच्या जोड्या संभवतात. सर्व जोड्या भरण्याची सक्ती करून घेऊ नये. निर्णय ज्यांवर अवलंबून आहे त्याच निवडाव्यात. या प्रकरणात अशा दोन जोड्या आहेत.

*बलस्थान आणि संधी.* प्रतवारीचा लाभ सिद्ध झाला आहे आणि किन्नूपूर्वीचा काळ उपलब्ध आहे. म्हणून प्रतवारी करून दिल्लीला माल पाठवणे योग्य आहे. परंतु यातून ‘स्वतःचे केंद्र हवे’ हा निष्कर्ष निघत नाही, कारण चाचणी भाड्याच्या केंद्रातच यशस्वी झाली होती.

*उणीव आणि धोका.* हाती येणारा माल मुळात कमी आहे आणि टंचाईत तो आणखी घटू शकतो. स्वतःच्या केंद्राचा २४ लाखांचा खर्च मात्र स्थिर आहे.

आता दोन पर्यायांची तुलना करू. भाड्याच्या केंद्रात टनामागे २,००० रुपये उरतात. स्वतःच्या केंद्रात १,५०० रुपयांचे भाडे वाचते, म्हणून टनामागे ३,५०० रुपये उरतात. पण एकूण रकमेतून २४ लाख रुपये वजा करावे लागतात.

| हाती येणारा माल | भाड्याचे केंद्र | स्वतःचे केंद्र |
|---|---|---|
| ३०० टन (टंचाईचे वर्ष) | ६ लाख नफा | १३.५ लाख तोटा |
| ७२० टन (आजची स्थिती) | १४.४ लाख नफा | १.२ लाख नफा |
| १,९२० टन (सर्व सभासद) | ३८.४ लाख नफा | ४३.२ लाख नफा |

दोन्ही पर्याय १,६०० टनांवर समान होतात, कारण १,६०० टनांवर वाचणारे भाडे बरोबर २४ लाख रुपये होते. त्याहून अधिक माल हमखास मिळणार असेल, तरच स्वतःचे केंद्र फायद्याचे ठरते. म्हणजे यंत्राची क्षमता किंवा अनुदानाची टक्केवारी यांपेक्षा सभासदांचा माल कंपनीकडे येतो की नाही, हा या प्रकरणातील निर्णायक प्रश्न आहे.

यावरून शिफारस करता येते. येत्या आंबे बहरासाठी भाड्याचेच केंद्र वापरावे. ३० लाख रुपये इमारतीत न गुंतवता, बहर धरताना सभासदांना उचल देण्यासाठी वापरावेत. १,६०० टनांहून अधिक मालाचे लेखी करार झाल्यावर आणि शेततळ्याखालील क्षेत्र वाढल्यावर केंद्राचा विचार पुन्हा करावा. प्रत्येक सभासदास सरासरी ४०,००० रुपये उचल लागते असे धरल्यास ७५ सभासद व्यापाऱ्याच्या उचलीतून मोकळे होऊ शकतात. त्यांचे क्षेत्र सरासरीने सुमारे ६८ हेक्टर, म्हणजे माल सुमारे ८१६ टन होईल. आधीच्या ७२० टनांत तो मिळवला की एकूण माल सुमारे १,५३६ टनांपर्यंत जातो. तो १,६०० टनांच्या जवळ येतो, पण त्याखालीच राहतो. एक हंगाम थांबण्यास हेही एक कारण आहे.

शिफारशीतील जोखीमही सांगावी. कंपनीची उचल घेऊन सभासदाने ऐन तोडणीला व्यापाऱ्यास माल दिला, तर इमारतीऐवजी उचल बुडेल. यासाठी उचल हप्त्यांत देणे आणि विक्रीच्या रकमेतून ती वळती करून घेणे या अटी सुचवता येतील. त्याचबरोबर एक खूण आधीच ठरवावी. उदाहरणार्थ, ऑक्टोबरअखेर करारातील निम्म्याहून कमी माल आल्यास योजना फसत आहे असे समजावे आणि पुढील हंगामात उचल वाढवू नये.

६.३.७ सादरीकरणाची मांडणी आणि भाषा

सादरीकरण करताना विश्लेषणाचा क्रम तसाच ठेवण्याची गरज नसते. प्रथम निर्णयाचा प्रश्न, लगेच शिफारस, मग तिला आधार देणाऱ्या दोन जोड्या, तुलनेचा तक्ता आणि शेवटी जोखीम, असा क्रम श्रोत्यांना सोयीचा ठरतो. चार कप्प्यांचा पूर्ण तक्ता परिशिष्टात ठेवावा. श्रोत्यांपैकी कोणी ‘रसाच्या प्रकल्पाचा विचार का केला नाही?’ असे विचारल्यास उत्तर तयार असावे.

भाषेच्या अभ्यासकाने विधानाच्या व्याकरणाकडेही लक्ष द्यावे. ढोबळ मुद्दे बहुधा विशेषण आणि नाम यांच्या जोडीत असतात : ‘तीव्र स्पर्धा’, ‘दर्जेदार फळ’. त्यांत क्रियापद नसते, म्हणून कोण, काय आणि केव्हा करतो हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येत नाही. तेच विधान कर्ता आणि क्रियापद यांसह लिहायला घेतले की माहितीतील उणीव लगेच उघडी पडते. ‘तीव्र स्पर्धा’ हे शब्द लिहायला क्षणही लागत नाही. ‘डिसेंबरपासून किन्नू बाजारात येतो आणि आमचा उरलेला माल त्याच्यासमोर उभा राहतो’ हे वाक्य लिहिण्यासाठी बाजाराची माहिती घ्यावी लागते. पूर्ण वाक्याचा आग्रह धरणे म्हणूनच शैलीपुरते मर्यादित राहत नाही. ती विचार तपासण्याची पद्धत ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

हाती येणारा माल १,००० टन असल्यास भाड्याचे केंद्र आणि स्वतःचे केंद्र यांतून प्रत्येकी किती रक्कम उरेल?

६.४ सारांश

स्वॉट चौकट निर्णयाच्या नेमक्या प्रश्नाशी जोडली नाही, तर ती ढोबळ मुद्द्यांची यादी बनते. प्रत्येक विधान नाव बदलून, तुलना व पुरावा शोधून आणि ‘म्हणून काय?’ असे विचारून तपासावे. मोसंबी उत्पादकांच्या प्रकरणात या तपासणीमुळे ‘सभासदांची एकजूट’ हे बलस्थान मालावरील ताब्याच्या उणिवेत बदलले, मानांकन सशर्त संधी ठरले आणि ‘हवामान बदल’ हा धोका ६०पैकी २५ हेक्टरच्या पाण्याच्या प्रश्नापर्यंत आणता आला. उणीव आणि धोका यांची सांगड घातल्यावर केंद्र उभारण्याआधी उचलीचा प्रश्न सोडवणे आवश्यक आहे, हा निष्कर्ष निघाला.

६.५ पारिभाषिक शब्द

उचल : पिकाच्या भरवशावर आगाऊ घेतलेली रक्कम.
उक्ती देणे : वजन न करता, झाडावरील संपूर्ण माल ठोक रकमेस विकणे.
आंबे बहर : जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यापासून धरलेले पीक.
प्रतवारी : आकार व गुणवत्ता यांनुसार मालाची विभागणी.
स्थिर खर्च : माल कमी आला किंवा अधिक आला, तरी न बदलणारा खर्च.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. हे विधान कोणत्याही संस्थेविषयी करता येते, त्याला पुरावा नाही आणि त्यावरून कोणताही पर्याय निवडता येत नाही. (आ) कोणती योजना, तिची अट काय आणि ती कोणत्या पर्यायाला लागू आहे हे सांगितलेले नाही. त्यामुळे ते विशेषतः तिसऱ्या कसोटीवर उतरत नाही.

प्रश्न २ : भाड्याच्या केंद्रातून २० लाख रुपये उरतील. स्वतःच्या केंद्रातून ३५ लाखांतून २४ लाख वजा जाता ११ लाख रुपये उरतील.

६.७ स्वाध्याय

१. प्रकरणातील ‘दरातील चढ-उतार’ हा मुद्दा तिन्ही कसोट्यांवर तपासा. तो नेमका करण्यासाठी कंपनीकडून कोणती माहिती मागवाल, ते लिहा.
२. मृग बहराची फळे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तोडणीस येतात. कंपनीने मृग बहराचा माल दिल्लीला पाठवण्याचे ठरवल्यास संधी आणि धोका या कप्प्यांतील विधाने कशी बदलतील?

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील एखादी दूध संस्था, बचत गट किंवा उत्पादक कंपनी निवडा. तिच्यासमोरील एक निर्णय एका वाक्यात लिहा. चार कप्प्यांत प्रत्येकी एकच विधान लिहा आणि प्रत्येक विधानाखाली ती माहिती कोठून मिळाली याची नोंद करा.